कोड लिहिण्याआधी कागदावर: एक प्रश्न शेवटपर्यंत सोडवून पाहू

प्रोग्रामिंग शिकायला लागून थोडे दिवस झाले की एक विचित्र अवस्था येते. `if` कळतो, `for` कळतो, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचला तर तोही कळतो. पण प्रश्न समोर आला आणि रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ काही सुचत नाही. मग काहीतरी टाइप करायचं, चालवून बघायचं, चुकलं की एखादं चिन्ह बदलायचं, पुन्हा चालवायचं, असा खेळ सुरू होतो. कधीतरी उत्तर बरोबर येतं, पण ते का आलं हे विचारलं तर सांगता येत नाही.

यातून मी गेलो आहे, आणि आता शिकवताना रोज पाहतो. गोम अशी आहे की आपण दोन कामं एकदम करायला बसतो: प्रश्न कसा सुटतो ते शोधायचं आणि ते उत्तर भाषेच्या नियमांतही बसवायचं. कंस राहिला म्हणून एरर आली की विचार तुटतो, आणि विचार कच्चा असला की बरोबर लिहिलेला कोडही चुकीचं उत्तर देतो. यातलं पहिलं काम आधी कागदावर उरकून घ्यावं. साध्या भाषेत ओळीखाली ओळ लिहिलं की तो सूडोकोड. तेच चौकटी आणि बाणांनी काढलं की फ्लोचार्ट.

दहा प्रश्न वरवर दाखवण्यापेक्षा एकच प्रश्न शेवटपर्यंत नेतो. प्रश्न असा: संख्यांची एक यादी दिली आहे. तिच्यातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधा. दिसायला किरकोळ आहे. शेवटचा कोड पायथनमध्ये आहे, पण त्याआधीचं सगळं कुठल्याही भाषेला चालतं.

## जवळ काय काय हवं

- कोरे कागद, पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको. पेनाने लिहिलेलं खोडवत नाही, मग माणूस चुकीच्या मसुद्यालाच ठिगळं लावत बसतो.
- जाडसर कागदाचा एक तुकडा, मधोमध एकच संख्या दिसेल एवढी खिडकी कापलेला. हा कशाला ते तिसऱ्या पायरीत कळेल.
- शेवटी कोड चालवायला पायथन.

फ्लोचार्ट काढायला diagrams.net सारखी फुकट साधनं आहेत. ती चित्र पक्कं झाल्यावर स्वच्छ प्रत काढायला वापरा. विचार चालू असताना तिथे गेलात, तर अर्धा वेळ चौकटी एका रेषेत आणण्यात जातो.

## १. प्रश्नात काय सांगितलेलं नाही ते शोधा

प्रश्न वाचला की लगेच उत्तराकडे धावू नका. आधी त्यातल्या मोकळ्या जागा शोधा. आपल्या प्रश्नात निदान तीन आहेत.

यादी ७, १२, १२, ५, ९ अशी असेल तर दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या कोणती? एक जण म्हणेल १२, कारण १२ दोनदा आला आहे आणि उतरत्या क्रमाने लावलं तर दुसऱ्या जागी १२ च येतो. दुसरा म्हणेल ९, कारण १२ च्या खालची वेगळी संख्या ९ आहे. दोघांचंही चूक नाही. प्रश्नच अर्धवट आहे. असं असेल तर प्रश्न देणाऱ्याला विचारा. विचारायला कोणी नसेल तर स्वतः ठरवा आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. आपण इथे ठरवू: सारख्या संख्या एकदाच धरायच्या. म्हणजे उत्तर ९.

दुसरी जागा: यादीत एकच संख्या असली, किंवा यादी रिकामीच असली तर? किंवा सगळ्या संख्या सारख्याच असल्या तर? या तिन्ही वेळी "दुसरी" संख्या अस्तित्वातच नसते. आपण ठरवू की अशा वेळी "दुसरी संख्या नाही" असं सांगायचं.

तिसरी: ऋण संख्या येऊ शकतात का? प्रश्नात नाही म्हटलेलं नाही, म्हणजे येऊ शकतात.

ही तीन वाक्यं कागदावर उतरली की निम्मी भांडणं मिटली. शिकवताना मी पाहतो, ज्याला "कोडमध्ये बग आहे" म्हणतात त्यातलं बरंचसं या पायरीवर न ठरलेलं काहीतरी असतं.

## २. उत्तरं आधी, पद्धत नंतर

आता चार-पाच याद्या स्वतः बनवा आणि प्रत्येकीचं उत्तर नुसत्या नजरेने काढून शेजारी लिहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण अजून पद्धतच कुठे सुचली आहे असं वाटतं. पण पद्धत सुचण्याआधीच उत्तरं लिहायला हवीत. एकदा पद्धत डोक्यात बसली की तिला सोयीच्या याद्याच आपल्याला सुचतात.

| यादी | अपेक्षित उत्तर | ही यादी का |
|---|---|---|
| ७, १२, १२, ५, ९ | ९ | सारख्या संख्या, आणि उत्तर मोठीच्या नंतर येतं |
| -४, -९, -२ | -४ | सगळ्या ऋण |
| १२, ५ | ५ | मोठी संख्या सुरुवातीलाच |
| ६, ६, ६ | नाही | सगळ्या सारख्या |
| (रिकामी) | नाही | काहीच नाही |

तिसरा रकाना आवर्जून भरा. "का" लिहिता आलं नाही तर ती यादी नवीन काही तपासत नाही, सरळ खोडा. १, २, ३, ४, ५ ही यादी जवळजवळ प्रत्येक जण आधी लिहितो, आणि तिच्यावर चुकीची पद्धतसुद्धा छान चालते.

## ३. खिडकीतून बघून हाताने सोडवा

७, १२, १२, ५, ९ मधली दुसरी मोठी संख्या तुम्ही कशी शोधली? विचारलं तर लोक सांगतात, "बघितलं आणि कळलं." पाच संख्या डोळा एकदम पाहतो. आपण जो प्रोग्राम लिहिणार आहोत तो मात्र एका वेळी एकच संख्या हातात घेतो. म्हणून ती खिडकी.

यादी मोठ्या अक्षरांत एका ओळीत लिहा, खिडकीचा कागद पहिल्या संख्येवर ठेवा आणि एकेक घर पुढे सरकवा. मागे वळून बघायचं नाही. जे लक्षात ठेवावंसं वाटेल ते बाजूच्या कागदावर लिहायचं.

करून बघा. पहिलं घर: ७. मोठी ७, दुसरी अजून माहीत नाही. दुसरं घर: १२. हा ७ पेक्षा मोठा, म्हणून मोठी आता १२. मग ७ चं काय? तो फेकायचा नाही; आतापर्यंतचा दुसरा तोच. तिसरं घर: पुन्हा १२, सारखाच आहे, काही करायचं नाही. चौथं: ५, हा ७ पेक्षाही लहान, सोडून द्या. पाचवं: ९, १२ पेक्षा लहान पण ७ पेक्षा मोठा, म्हणून दुसरी आता ९.

बाजूच्या कागदावर बघा. तिथे फक्त दोन जागा लागल्या, आणि प्रत्येक घराला तुम्ही फार तर दोन प्रश्न विचारलेत. त्या दोन जागा म्हणजे तुमची दोन व्हेरिएबल, आणि ते प्रश्न म्हणजे तुमच्या कंडिशन. पद्धत तुम्ही आत्ताच शोधली आहे, फक्त ती अजून लिहायची आहे.

## ४. सूडोकोड लिहा

सूडोकोडला ठरलेलं व्याकरण नाही. मराठीत लिहा, मिसळून लिहा, कोणी अडवत नाही. मी मात्र तीन नियम पाळतो: एका ओळीत एकच कृती, जे आतलं आहे ते आत सरकवून लिहायचं, आणि एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच नाव. वर "मोठी" आणि खाली "कमाल संख्या" असं केलंत की तुमचेच तुम्ही गोंधळता.

किती बारीक लिहायचं, हा खरा प्रश्न. "यादीतली सर्वात मोठी काढा, मग तिच्या खालची काढा" ही ओळ फार जाड आहे, कारण "काढा" म्हणजे काय तेच तर शोधायचं होतं. उलट `for (i = 0; i < n; i++)` असं लिहिलंत तर तुम्ही पुन्हा भाषेच्या नियमांत शिरलात. मोजमाप असं ठेवा: प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसाला हा कागद, यादी आणि ती खिडकी दिली, तर तुम्हाला एकही प्रश्न न विचारता त्याला उत्तर काढता आलं पाहिजे. घरात असा माणूस असेल तर खरंच देऊन बघा. तो जिथे "म्हणजे काय?" म्हणून अडेल, ती ओळ फोडा.

ओळी लिहिताना आकार तीनच वापरा: एकामागून एक कृती, "जर… नाहीतर" अशी निवड, आणि पुन्हा पुन्हा करायचं काम. कुठलीही गणनपद्धत या तिघांत बसवता येते हे कोराडो ब्योम आणि ज्युसेप्पे याकोपिनी यांनी १९६६ साली सिद्ध केलं आहे, त्यामुळे चौथा आकार हवासा वाटला तर बहुधा ओळ अजून जाड आहे.

बहुतेकांचा पहिला मसुदा साधारण असा येतो:

```
मोठी = ०
दुसरी = ०
यादीतल्या प्रत्येक संख्या न साठी:
    जर न > मोठी:
        दुसरी = मोठी
        मोठी = न
दुसरी दाखवा
```

वाचायला बरोबर वाटतो. जुनी मोठी संख्या दुसऱ्या जागी सरकवली, हेही हुशारीचं आहे. इथे आतल्या दोन ओळींचा क्रम पाहून ठेवा. आधी `मोठी = न` लिहिलंत तर जुनी मोठी पुसली जाते आणि पुढच्या ओळीत दुसरीतही न च जातो. दोन्ही जागी एकच संख्या. क्रम उलटा झाल्याची खूण हीच: उत्तर म्हणून सर्वात मोठी संख्याच येते.

## ५. ड्राय रन: रांगेने, न गाळता

आता हा मसुदा खरा आहे का ते बघायचं. ड्राय रन म्हणजे स्वतः यंत्र होऊन ओळीन् ओळ चालवायची आणि प्रत्येक फेरीनंतर व्हेरिएबलच्या किमती तक्त्यात लिहायच्या. यात एकच पथ्य आहे: ओळीत लिहिलं आहे तेच करायचं. आपल्याला काय म्हणायचं होतं ते मनात आलं की ड्राय रन वाया गेला.

| फेरी | न | मोठी | दुसरी |
|---|---|---|---|
| सुरुवात | | ० | ० |
| १ | ७ | ७ | ० |
| २ | १२ | १२ | ७ |
| ३ | १२ | १२ | ७ |
| ४ | ५ | १२ | ७ |
| ५ | ९ | १२ | ७ |

उत्तर आलं ७, हवं होतं ९. कुठे घसरलं ते तक्ताच सांगतो: पाचव्या फेरीत ९ आला आणि काहीच हललं नाही. खिडकीतून बघताना तुम्ही तिथे दुसरा प्रश्न विचारला होता, तो मसुद्यात उतरलाच नाही. मग जोडू या:

```
    नाहीतर जर न > दुसरी:
        दुसरी = न
```

पुन्हा पहिल्यापासून चालवा. "मधूनच सुरू करतो, वरचं तर बरोबरच होतं" असं म्हणू नका, कारण नवीन ओळ वरच्या फेऱ्यांनाही लागू होते. आणि तसंच होतं: तिसऱ्या फेरीत न १२ आहे, तो मोठीपेक्षा मोठा नाही, पण दुसरी ७ आहे आणि १२ > ७. म्हणून दुसरी १२ झाली. सारख्या संख्या एकदाच धरायच्या हे आपण कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ते मोडलं. कंडिशन घट्ट करू: `न < मोठी आणि न > दुसरी`. आता तिसऱ्या फेरीत काही हलत नाही, पाचव्या फेरीत दुसरी ९ होते, आणि उत्तर जुळतं.

एक यादी जुळली की हुरूप येतो आणि पेन्सिल खाली ठेवावीशी वाटते. दुसरी यादी चालवा: -४, -९, -२. मोठी शून्यापासून सुरू, आणि -४ शून्यापेक्षा मोठा नाही. -९ नाही, -२ नाही. शेवटी उत्तर येतं ०, आणि ० तर यादीतच नाही! यादीत नसलेली संख्या उत्तर म्हणून आली, तर सुरुवातीच्या किमतीवर संशय घ्या.

यावर दोन उपाय लगेच सुचतात आणि दोन्ही फसतात. पहिला: शून्याऐवजी खूप लहान संख्या ठेवू, -९९९९९९ वगैरे. कधीतरी यादीत त्याहून लहान संख्या येते, आणि शिवाय ६, ६, ६ या यादीला "नाही" म्हणायच्या ऐवजी आपण -९९९९९९ दाखवतो. दुसरा: दोन्हींत यादीतली पहिली संख्या ठेवू. यावर १२, ५ ही यादी चालवा. मोठी १२, दुसरी १२. मग ५ आला, पण ५ > १२ नाही. उत्तर १२, चूक. त्या यादीच्या "का" रकान्यात आपण काय लिहिलं होतं ते आता बघा.

खिडकीतून पहिल्या घराकडे बघताना तुम्ही म्हणाला होता, "दुसरी अजून माहीत नाही." तेच जसंच्या तसं लिहायचं: जागा रिकामी आहे.

```
मोठी = रिकामी
दुसरी = रिकामी
यादीतल्या प्रत्येक संख्या न साठी:
    जर मोठी रिकामी आहे किंवा न > मोठी:
        दुसरी = मोठी
        मोठी = न
    नाहीतर जर न < मोठी आणि (दुसरी रिकामी आहे किंवा न > दुसरी):
        दुसरी = न
जर दुसरी रिकामी आहे:
    "दुसरी संख्या नाही" दाखवा
नाहीतर:
    दुसरी दाखवा
```

पाचही याद्या यावर चालवा. ऋण यादीत पहिल्या फेरीनंतर मोठी -४. -९ आल्यावर दुसरी -९. -२ आल्यावर जुनी -४ दुसऱ्या जागी सरकते. जुळलं. ६, ६, ६ मध्ये दुसरी शेवटपर्यंत रिकामी राहते. रिकाम्या यादीत लूपच्या आत कोणी शिरतच नाही. वेळ फार जात नाही, आणि यातली प्रत्येक दुरुस्ती एकही एरर न वाचता झाली.

## ६. फ्लोचार्ट कधी, आणि कसा

एवढ्या प्रश्नाला सूडोकोड पुरतो, हे आधीच सांगतो. निवडी एकमेकींत अडकल्या आणि "इथून पुढे कुठे जायचं?" हे ओळींवरून दिसेनासं झालं की चित्र काढावं. पद्धत जुनी आहे. हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४७ मध्येच प्रोग्राम आखायला अशी प्रवाहचित्रं वापरली होती. चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे १९८५ चं आयएसओ ५८०७, पण सुरुवातीला चार आकार पुरतात: सुरू आणि थांबा यांना लंबगोल, घेणं आणि दाखवणं यांना समांतरभुज चौकोन, कृतीला आयत, प्रश्नाला डायमंड.

आपलं चित्र शब्दांत मांडतो. प्रत्येक चौकटीला क्रमांक दिला आहे, बाण कुठे जातो ते पुढे आहे. हे वाचून स्वतः काढा:

```
१   लंबगोल     सुरू                                  → २
२   समांतरभुज   यादी घ्या                              → ३
३   आयत        मोठी, दुसरी रिकाम्या करा                → ४
४   डायमंड     संख्या उरली आहे?            हो → ५, नाही → १०
५   आयत        पुढची संख्या न मध्ये घ्या                → ६
६   डायमंड     मोठी रिकामी किंवा न > मोठी?  हो → ७, नाही → ८
७   आयत        दुसरी = मोठी, मग मोठी = न              → ४
८   डायमंड     न < मोठी आणि
               (दुसरी रिकामी किंवा न > दुसरी)? हो → ९, नाही → ४
९   आयत        दुसरी = न                             → ४
१०  डायमंड     दुसरी रिकामी?               हो → ११, नाही → १२
११  समांतरभुज   "दुसरी संख्या नाही" दाखवा               → १३
१२  समांतरभुज   दुसरी दाखवा                            → १३
१३  लंबगोल     थांबा
```

काढून झालं की चित्र दोनदा तपासा. आधी प्रत्येक डायमंडपाशी थांबा: दोन बाण बाहेर पडतात का, आणि दोन्हींवर हो-नाही लिहिलं आहे का? सगळ्यांत जास्त लोंबकळत राहतो तो ८ चा "नाही". त्या वेळी करायचं काहीच नसतं, म्हणून बाणही काढायचा राहून जातो. पण काही करायचं नसलं तरी पुढच्या संख्येकडे तर जायचंच आहे.

मग मागे येणारे बाण बघा. ते ४ वर आले पाहिजेत. तेच बाण ३ वर नेले, तर प्रत्येक संख्येनंतर दोन्ही जागा पुन्हा रिकाम्या होतात आणि यादी कुठलीही असो, उत्तर "दुसरी संख्या नाही" हेच येतं. कोडमध्ये याचंच रूप म्हणजे सुरुवातीच्या किमती चुकून लूपच्या आत लिहिणं. आणि बाण ५ वर नेले तर "संख्या उरली आहे का" हे कोणी विचारतच नाही. यादी संपल्यावरही प्रोग्राम पुढची संख्या मागत राहतो.

चित्र एका कागदावर मावेना झालं तर अक्षरं बारीक करू नका. एखादा तुकडा वेगळा काढा, त्याला नाव द्या, मूळ चित्रात त्या नावाची एक चौकट ठेवा. पुढे तोच तुकडा कोडमध्ये फंक्शन होतो.

## ७. आता टाइप करा

सूडोकोडच्या ओळी फाइलमध्ये `#` लावून कॉमेंट म्हणून उतरवा आणि प्रत्येकीखाली कोड भरत जा. आपल्याकडचं "रिकामी" म्हणजे पायथनमधलं `None`.

```python
def second_largest(numbers):
    largest = None
    second = None
    for n in numbers:
        if largest is None or n > largest:
            second = largest
            largest = n
        elif n < largest and (second is None or n > second):
            second = n
    return second
```

दाखवायचं काम फंक्शनमध्ये ठेवलेलं नाही. फंक्शन फक्त उत्तर परत देतं, "नाही" असेल तर `None`. हा बदल मुद्दाम आहे, कारण दुसऱ्या पायरीतल्या याद्या आता थेट तपासता येतात:

```python
assert second_largest([7, 12, 12, 5, 9]) == 9
assert second_largest([-4, -9, -2]) == -4
assert second_largest([12, 5]) == 5
assert second_largest([6, 6, 6]) is None
assert second_largest([]) is None
```

काहीच छापलं गेलं नाही तर सगळं जुळलं.

कागदावर न दिसणारी एक अडचण इथे भेटते. "रिकामी आहे का" हा प्रश्न "मोठी आहे का" च्या आधी विचारावा लागतो. `n > largest or largest is None` असं उलट लिहिलंत तर पहिल्याच फेरीत ही एरर येते:

```
TypeError: '>' not supported between instances of 'int' and 'NoneType'
```

माणूस दोन्ही प्रश्न एका नजरेत वाचतो. पायथन डावीकडून सुरू करतो आणि `or` ची डावी बाजू खरी निघाली की उजवीकडे बघतच नाही. सूडोकोडमध्ये क्रम बरोबर असला तर हा घोळ आपोआप टळतो.

कोणीतरी म्हणेल, एवढं कशाला, `sorted(set(numbers))[-2]` एका ओळीत होतं. होतं, आणि कामात मीही कधी तेच लिहीन. पण ६, ६, ६ देऊन बघा: `IndexError`. पहिल्या पायरीतला प्रश्न एका ओळीतही तसाच उभा राहतो.

कॉमेंट्सचं काय करायचं? ज्या ओळी कोड जे म्हणतो तेच पुन्हा म्हणतात त्या काढून टाका. "सारख्या संख्या एकदाच धरायच्या" ही मात्र ठेवा. कोड वाचून `n < largest` दिसेल, पण ते मुद्दाम लिहिलं आहे की चुकून, हे त्या ओळीशिवाय कळणार नाही.

## ८. कागद आणि कोड जुळत नसतील तर

कोडकडे टक लावून बसू नका. लूपच्या आत, सगळ्या कंडिशननंतर, `for` च्या आतल्या पहिल्या पातळीवर एक ओळ टाका:

```python
        print(n, largest, second)
```

जी यादी फसते तीच द्या आणि छापलेल्या ओळी ड्राय रनच्या तक्त्याशेजारी ठेवा. पहिली वेगळी निघालेली ओळ शोधा. तिच्याखालच्या ओळी वाचू नका, त्या बहुधा तिच्यामुळेच बिघडल्या आहेत. त्या एका फेरीत कोणती कंडिशन खरी ठरली एवढंच बघायचं. सगळ्या ओळी जुळल्या आणि तरी उत्तर चूक असेल, तर कोड निर्दोष आहे आणि पद्धत चुकली आहे. पेन्सिल घेऊन पाचव्या पायरीवर परत जा.

## ९. प्रश्न बदलला तर

असं धरा की प्रश्न देणाऱ्याचा निरोप आला: सारख्या संख्या वेगवेगळ्या धरायच्या, म्हणजे पहिल्या यादीचं उत्तर १२. इथेही सरळ कोडमध्ये हात घालू नका. आधी कागदाच्या कोपऱ्यातलं वाक्य खोडून नवीन लिहा. मग याद्यांचा तक्ता घ्या: ७, १२, १२, ५, ९ चं उत्तर आता १२, ६, ६, ६ चं आता ६, बाकी तिघींची उत्तरं तीच राहतात. मग सूडोकोडमध्ये हा नियम कुठे राहतो ते शोधा. तो एकाच ठिकाणी आहे, `न < मोठी आणि` एवढ्यात. तेवढं खोडून पहिली यादी चालवा: तिसऱ्या फेरीत न १२, मोठीपेक्षा मोठा नाही, पण दुसरी ७ आहे, म्हणून दुसरी १२ होते. पुढचे ५ आणि ९ तिला हलवत नाहीत. त्यानंतर कोडमधली `elif` ची ओळ आणि दोन `assert` बदलले की काम झालं.